दाखल्यात न सापडणारा फ्लू

९ मार्च २०२० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्वीट केले, की गेल्या वर्षी साध्या फ्लूने ३७ हजार अमेरिकी दगावले, तरी देशात काही बंद पडले नाही. करोनाचे बळी तर अवघे २२. हिशेब बिनतोड वाटला आणि जगभर फिरला. पण २२ माणसे एकेक करून मोजलेली होती, तर ३७ हजार हा आकडा संख्याशास्त्राने काढलेला अंदाज होता. दोन निरनिराळ्या मापांनी मोजून वजनांची तुलना करण्याचाच हा प्रकार.

मग फ्लूचे बळी सरळ मृत्यूचे दाखले मोजून का सांगत नाहीत? कारण दाखल्यात तो क्वचितच सापडतो. सत्तरी ओलांडलेल्या, हृदय आधीच कमकुवत असलेल्या माणसाला फ्लू होतो. ताप उतरतो, पण आठ-दहा दिवसांनी जिवाणूंमुळे न्यूमोनिया होतो किंवा हृदय बंद पडते. तोवर विषाणू शरीरातून गेलेला असतो आणि चाचणी बहुधा कोणी केलेलीच नसते. डॉक्टर दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहितात, आणि त्यात खोटे काही नसते. २००१ साली अमेरिकेत फ्लू हेच मूळ कारण नोंदलेले मृत्यू फक्त २५७ होते, आणि त्यांपैकी विषाणू प्रत्यक्ष सापडला तो १८ जणांत. संशोधक पीटर दोशी यांनी २००५ मध्ये याच आकड्यांवर बोट ठेवून सरकारी अंदाजांना प्रसिद्धीचा खटाटोप ठरवले होते.

दोशींचा सवाल रास्त होता. पण २५७ हे उत्तर सरकारी अंदाजांहून चुकीचे आहे. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेतील रॉबर्ट सर्फलिंग यांनी १९६३ मध्ये दुसरी वाट मांडली. आधीच्या काही वर्षांचे मृत्यूंचे आकडे घ्यायचे, साथीचे आठवडे वगळायचे, आणि उन्हाळ्यात उतरणारी व हिवाळ्यात चढणारी नेहमीची रेघ आखायची. साथ नसती तर या आठवड्यात किती माणसे गेली असती, हे ती रेघ सांगते. प्रत्यक्ष मृत्यू त्या रेघेच्या बरेच वर गेले, की वरचे ते जादा मृत्यू. कोण कशाने गेले हे त्यात कळत नाही. किती जास्त गेले एवढेच कळते.

खोट आहे ती इथेच. हिवाळ्यात थंडीही माणसे मारते आणि आरएसव्हीसारखे दुसरे विषाणूही. म्हणून सीडीसीच्या विल्यम थॉम्पसन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रयोगशाळांतील नमुन्यांत फ्लूचा कोणता प्रकार आठवड्यागणिक किती सापडतो, हेही हिशेबात धरले. मृत्यूंचा चढ विषाणूच्या चढाबरोबर हलतो का, हे त्यामुळे तपासता आले. १९९०च्या दशकासाठी त्यांना एक नव्हे, तीन वार्षिक सरासऱ्या मिळाल्या. केवळ न्यूमोनिया व फ्लूच्या दाखल्यांतून ८,०९७. श्वसन व रक्ताभिसरणाचे सगळे विकार धरून ३६,१५५. सर्व कारणे धरून ५१,२०३. फरक जाळे किती रुंद टाकले याचा. वर्तमानपत्रांनी मधला आकडा उचलला आणि ‘दरवर्षी ३६ हजार’ हे वाक्य वर्षानुवर्षे चालले. ‘दरवर्षी’ हा शब्दच फसवा: १९७६ ते २००७ या काळात सीडीसीचाच अंदाज एखाद्या हंगामात ३ हजारांवर, तर एखाद्यात ४८ हजारांवर गेला होता.

आता सीडीसी रुग्णालयांतील फ्लूच्या नोंदींवरून, चाचणी न झालेल्यांची भर घालून अंदाज काढते. त्यातही २०१७-१८ च्या हंगामाचा पहिला आकडा ८० हजार होता. पुढे माहिती येत गेली तसा तो ६१ हजार आणि मग ५२ हजारांवर आला. ही लपवाछपवी नव्हे, अंदाज असाच पक्का होतो. मात्र ८० हजारांची बातमी पहिल्या पानावर आली होती. दुरुस्तीची तेवढी आली नाही.

तुलना करायचीच, तर मोजलेल्याशी मोजलेल्याची करावी. जेरेमी फॉस्ट आणि कार्लोस देल रिओ या डॉक्टरांनी मे २०२० मध्ये ती केली. २१ एप्रिलला संपलेल्या आठवड्यात अमेरिकेत करोनाचे नोंदलेले मृत्यू १५,४५५ होते. आधीच्या हंगामांत फ्लूच्या सर्वांत वाईट आठवड्याची नोंदलेली सरासरी ७५२. म्हणजे वीसपट.

आपल्याकडे हाच वाद उलट बाजूने झाला. २०२०-२१ मध्ये भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्र सरकारने फेटाळला. करोनाबळींचा अधिकृत आकडा ४.८१ लाख होता. आक्षेप गणिती प्रारूपावर होता, आणि आपल्याकडे नोंदणी आहे हा दावा. त्या नोंदणीचे २०२१ चे आकडे मे २०२५ मध्ये जाहीर झाले: २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू होते, ते २०२१ मध्ये १ कोटी २ लाख झाले. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याचीही असेल. उरलेले कशाने गेले, याचे उत्तर सरकारच्या ४.८१ लाखांत मावत नाही.