नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे पावतीवरच छापा!

मित्रांनो, आज जरा घरातल्या विषयावर लिहितो. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावला की आपण निर्धास्त होतो. "नाव लावलंय, आता पैसा त्याचाच," असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. हा समज चुकीचा आहे. खातेदार गेल्यावर सख्खी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात, त्यामागे बऱ्याचदा हाच गैरसमज असतो.

एक उदाहरण घेऊ. पंचविशीतल्या एका अविवाहित मुलाने स्वतःच्या कमाईची एफडी केली आणि नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव दिलं. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली. एफडी दर वेळी रिन्यू होत गेली आणि नॉमिनी तोच राहिला. पंचेचाळिसाव्या वर्षी तो अचानक गेला. मृत्युपत्र नाही, एफडीत ८ लाख रुपये. मागे आई, बायको, मुलगा, मुलगी आणि भाऊ.

बँक पैसे कोणाला देणार? भावाला. मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म आणि स्वतःच्या ओळखीची कागदपत्रं दिली की झालं. वारस कोण हे बघणं बँकेचं काम नाही. वहिनी काउंटरवर कितीही रडली तरी, कोर्टाचा मनाई हुकूम आणल्याशिवाय बँक भावाचं पेमेंट अडवू शकत नाही. भावाला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपली.

पण ती रक्कम भावाची झाली का? नाही! सुप्रीम कोर्टाने २०१० साली रामचंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की, नॉमिनीला खात्यातले पैसे घेण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. मालक ठरतो वारसा कायद्याने. वरचं कुटुंब हिंदू असेल तर आई, बायको, मुलगा आणि मुलगी या चौघांचा समान हक्क, म्हणजे प्रत्येकी २ लाख. भावाचा वाटा शून्य. त्याने पैसे घेऊन या चौघांना द्यायला हवेत. नाही दिले तर त्याच्यावर दावा लावायचा, बँकेवर नाही. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलांची शाळेची फी कोण भरणार?

हे उलटही लागू होतं. नॉमिनी बायको असली, तरी ८ लाख एकट्या तिचे होत नाहीत. म्हाताऱ्या सासूचे त्यात २ लाख आहेतच. "नाव माझं होतं" म्हणून सासूला वाटेला लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, एकामागून एक किंवा एकाच वेळी टक्केवारी ठरवून. सोय चांगली आहे. पण लोक लगेच म्हणायला लागले, "चला, वाटणीचा प्रश्नच मिटला." अहो, ती टक्केवारी बँकेने कोणाच्या हातात किती द्यायचे यापुरती आहे. वारसांचे हक्क त्याने बदलत नाहीत. आपला पैसा अमुक एकालाच मिळावा असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं चालतं, नोंदणीची सक्ती नाही.

मग नॉमिनी लावूच नये का? जरूर लावा. नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, ना-हरकत आणि हमीपत्र गोळा करत फिरावं लागतं. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल, तर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणण्याची वेळ येते. नॉमिनी असला की पैसा लवकर बाहेर येतो. फक्त तो ज्याच्या हातात पडणार, तो माणूस आजच्या घडीला योग्य आहे का, एवढं बघा.

माझी बँकवाल्यांना मागणी साधी आहे. एफडीच्या पावतीवर आणि पासबुकावर नॉमिनीच्या नावाखाली मराठीत एक ओळ छापा : "नॉमिनी हा रकमेचा मालक नसून, वारसांसाठी ती रक्कम स्वीकारणारा आहे." आणि एफडी रिन्यू करताना काउंटरवरून एवढंच विचारा, "नॉमिनी हाच ठेवायचा ना?"

तोवर आपण काय करायचं? या आठवड्यात घरातली सगळी पासबुकं आणि पावत्या बाहेर काढा. प्रत्येक खात्याचा आणि प्रत्येक एफडीचा नॉमिनी वेगळा तपासा, बचत खात्याला लावलेलं नाव एफडीला आपोआप लागलंय असं धरू नका. लग्नाआधीचं किंवा हयात नसलेल्या माणसाचं नाव दिसलं तर बँकेत जाऊन फॉर्म भरा आणि त्याची पोच घ्या. नाव बदलायला जुन्या नॉमिनीची सही किंवा परवानगी लागत नाही.

आणि हो, तपासल्यावर कोणाचं नाव निघालं ते कमेंटमध्ये सांगू नका, घरात सांगा.