‘आई वाटत नाही’

सांगलीच्या एका कुटुंबासाठी मी त्यांच्या आईचं चित्र काढत होते. आईंचा 75वा वाढदिवस जवळ आला होता आणि मुलांना भेट म्हणून ते द्यायचं होतं. ए-थ्री आकाराचा कागद, जाड रेषा, सपाट रंग आणि चेहऱ्यातलं जे ठळक आहे ते किंचित वाढवून दाखवलेलं. म्हणजे हुबेहूब व्यक्तिचित्र नाही आणि टिंगल करणारं व्यंगचित्रही नाही. आपल्याकडे याला अर्कचित्र असा सुरेख शब्द आहे. वसंत सरवटे यांनी मराठी साहित्यिकांची अशी चित्रं काढली, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

पेन्सिलीतला कच्चा आराखडा मी व्हॉट्सॲपवर पाठवला. धाकट्या मुलाचं उत्तर आलं, “मॅडम, छान झालंय. पण आई वाटत नाही. जरा जिवंत करा ना. आणि नाक थोडं लहान करा.” अर्ध्या तासानं थोरल्या भावाचा निरोप आला, “थोडं फ्रेश हवं.”

या कामाला लागले तेव्हा असा निरोप आला की मी ताबडतोब खोडरबर उचलत असे. नाक लहान करून पाठवायचं, मग “अजून थोडं” असं उत्तर यायचं, मग हनुवटी, मग केस. सहाव्या-सातव्या फेरीला दोघंही थकून जायचो आणि पलीकडून शब्द यायचा, “चालेल.” हा शब्द मला फार लागतो. ‘चालेल’ म्हणून घेतलेलं चित्र भिंतीवर लागत नाही, कपाटावर ठेवलं जातं.

पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की चूक माझ्या प्रश्नात होती. आराखड्याबरोबर मी “कसं वाटतंय?” एवढंच विचारायची. या प्रश्नाला आवडलं किंवा नाही आवडलं याखेरीज दुसरं उत्तरच नाही. ज्याला चित्रकलेचे शब्द माहीत नाहीत त्यानं ‘जिवंत’, ‘फ्रेश’, ‘काहीतरी चुकतंय’ असंच म्हणायचं असतं. त्याला चूक दिसते, अगदी खरी दिसते, कारण तो चेहरा त्यानं चाळीस वर्षं पाहिलेला असतो. फक्त तिचं कारण त्याला सांगता येत नाही. कारण शोधणं हे माझं काम.

म्हणून या वेळी मी दोन्ही भावांना आणि त्यांच्या बहिणीला वेगवेगळा निरोप पाठवला. एकमेकांना न विचारता उत्तर द्या, असं मुद्दाम लिहिलं. पहिली विनंती अशी होती, की आराखडा उघडा आणि जिथे खटकतं तिथे फोनवरच बोटानं एक गोल काढा. कारण लिहू नका. दुसरी, घरातल्या फोटोंपैकी ज्यात आई सगळ्यात जास्त ‘आई’ दिसते तो पाठवा. सगळ्यात सुंदर दिसते तो नको. आणि तिसरी, आई हसते तेव्हा तिच्या चेहऱ्याचं काय होतं ते एका वाक्यात सांगा.

संध्याकाळपर्यंत तिघांचेही गोल आले. बहिणीचा आणि धाकट्याचा गोल डोळ्यांभोवती होता. धाकट्यानं आणखी एक गोल नाकापासून हनुवटीपर्यंत ओढला होता. थोरल्यानं चेहऱ्यावर काहीच काढलं नव्हतं, त्यांचा गोल पदराच्या रंगाच्या नमुन्यावर होता. आराखड्याच्या कोपऱ्यात मी रंगांचे चार चौकोन लावले होते, त्यांतला एक मळकट विटकरी होता. म्हणजे त्यांचं ‘फ्रेश’ चेहऱ्याबद्दल नव्हतंच. न विचारता मी सुरकुत्या पुसल्या असत्या, तर आईंचं वय दहा वर्षांनी कमी झालं असतं आणि बहीण नाराज झाली असती, ते वेगळंच.

हसण्याच्या प्रश्नाला बहिणीनं लिहिलं होतं, “आई हसली की तिचे डोळे मिटतातच.” इथे ‘जिवंत नाही’ याचा उलगडा झाला. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 मध्येच दाखवून दिलं होतं, की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो. गाल वर चढतात, खालची पापणी उचलली जाते, डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात बारीक रेषा पडतात. माझ्या आराखड्यात ओठ हसत होते आणि डोळे मात्र टपोरे उघडे होते. अशा शैलीत डोळे मोठे काढायची हाताला सवय होऊन जाते. साधारणपणे एका डोळ्याची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढी असते. कागदावरचा चेहरा साडेअकरा सेंटीमीटर रुंद होता, म्हणजे डोळा 2.3 सेंटीमीटरच्या आसपास हवा. मी तो 3 सेंटीमीटर काढला होता. ओठांवर हात ठेवून नुसते डोळे पाहिले, तर ती बाई हसते आहे हे ओळखूच येत नव्हतं. ही परीक्षा कुणालाही करता येते आणि ती फसत नाही.

नाकाचं प्रकरण मात्र मला खरंच काही शिकवून गेलं. “नाक लहान करा” ही वरवर सगळ्यात स्पष्ट सूचना. कुठे काय करायचं ते सांगून टाकलेलं. पण अशा तयार उपायाजवळच मी आता जास्त थांबते, कारण सांगणाऱ्यानं आपल्या मनाशी एक कारण ठरवून मग उपाय सांगितलेला असतो आणि ते कारण बरोबर असेलच असं नाही. मी विचारलं, “नाक लहान केलं तर काय बरं होईल?” धाकटा म्हणाला, “चेहरा पुढे आल्यासारखा वाटतोय. आई अशी अंगावर येत नाही हो.”

मी ज्या फोटोवरून काम करत होते तो पुन्हा उघडला. नातीनं आजीला जवळ ओढून काढलेला सेल्फी, हातभर अंतरावरून. एवढ्या जवळून फोटो काढला की कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ असलेलं नाक फुगतं आणि कान मागे पळतात. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं मोजमाप आहे. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, 5 फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. माझ्या प्रकारच्या चित्रात याचा फटका दुप्पट बसतो. अर्क काढायचा म्हणजे हा चेहरा चारचौघांच्या चेहऱ्यापेक्षा कुठे वेगळा आहे ते शोधायचं आणि तेवढंच वाढवायचं. सूझन ब्रेनन यांनी 1980च्या दशकात संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली ती याच रीतीनं. सरासरी चेहरा आणि समोरचा चेहरा यांतला फरक मोजायचा आणि तो फरक ताणायचा. आता मूळ फोटोतच कॅमेऱ्यानं घुसवलेला खोटा फरक असेल, तर आपण तोही इमानेइतबारे ताणतो. आईंचं नाक मोठं नव्हतंच. मी कॅमेऱ्याचा दोष आईंच्या नावावर लावला होता.

बहिणीनं ‘सगळ्यात जास्त आई’ म्हणून पाठवलेला फोटो सात-आठ फुटांवरून काढलेला होता, ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईचा. त्यात नाक सरळ, बेताचं. जे वेगळं होतं ते त्याच्या खाली. नाक आणि वरचा ओठ यांच्यात बरंच अंतर, ओठ पातळ आणि हनुवटी आखूड. माझ्या आराखड्यात वाढलेल्या नाकानं ते अंतर खाऊन टाकलं होतं. धाकट्यानं हनुवटीपर्यंत गोल ओढला होता त्याचं कारण हे. नुसतं नाक लहान केलं असतं तर चेहरा नीटनेटका झाला असता, पण आई झाला नसता.

मग मी पेन्सिलीला हात लावण्याआधी तिघांना एक निरोप लिहिला. तो जवळजवळ शब्दशः असा होता: “तुम्ही ‘जिवंत नाही’ म्हणालात, म्हणून डोळे 3 वरून 2.4 सेंटीमीटर करते, खालची पापणी वर घेते आणि कडेला तीन रेषा देते. ‘नाक’ म्हणालात, म्हणून नाकाची रुंदी नव्या फोटोप्रमाणे घेते, नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर 6 मिलिमीटरनं वाढवते, हनुवटी थोडी आखूड करते. ‘फ्रेश’ म्हणालात, म्हणून विटकरी काढून पदर हिरवा. केस, चष्मा, मानेचा कल आणि कुंकवाचा आकार आहे तसाच राहील. यात काही चुकीचं समजले असेन तर आत्ता सांगा.” शेवटून दुसरं वाक्य मी कधीच गाळत नाही. काय बदलणार नाही हे लिहिलं नाही, तर पुढच्या फेरीत आधी मान्य झालेल्या गोष्टीही पुन्हा उघडतात.

सुरकुत्यांवर भावंडांचं एकमत होईना. थोरल्यांना त्या नको होत्या, बहिणीला सगळ्या हव्या होत्या. अशा वादात शब्दांनी काही सुटत नाही. मी दोन आराखडे पाठवले, बाकी सगळं तंतोतंत सारखं, फक्त कपाळावरच्या रेषांचा फरक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे आवडलं ते कुणालाच कळत नाही, हे मी पूर्वी बरेच कागद वाया घालवून शिकले आहे. शेवटचा शब्द कुणाचा ते मात्र मी पहिल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असतं. इथे तो बहिणीचा होता. तिनं रेषांचा आराखडा निवडला आणि थोरल्यांनी तो मान्य केला.

या रीतीलाही मर्यादा आहे. “हे कार्टूनसारखं का दिसतंय?” असं कुणी विचारलं, तर गोल काढून घेण्यात अर्थ नसतो. त्यांना ही शैलीच नको असते. तिथे आराखडा सुधारत बसू नये, आगाऊ रक्कम परत करून हुबेहूब काढणाऱ्या चित्रकाराचं नाव सुचवावं.

सुधारलेला आराखडा गेला तेव्हा बहिणीचा फोन आला. “आता आईच,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “ताई, एक राहिलं. तिच्या मंगळसूत्राला कायम दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्या घालाल?” पहिल्या दिवशी “कसं वाटतंय?” विचारलं होतं तेव्हा हे कुणाच्याच तोंडून आलं नव्हतं.

कुणाचं चित्र काढून घेणार असाल, तर चित्रकाराला सात-आठ फुटांवरून काढलेले दोन-तीन फोटो द्या. आराखडा आला की खटकणाऱ्या जागेवर बोट ठेवा आणि ते माणूस हसतं कसं, रागावतं कसं, गळ्यात-हातात काय बाळगतं ते सांगा. नाक लहान करायचं की नाही, ते चित्रकारावर सोडा.