नॉमिनी टाकलाय की!

आमच्या जामनेरात पन्नाशीपुढच्या कुठल्याही गृहस्थाला विचारा, "दादा, तुमची खाती, पॉलिश्या, पावत्या यांची यादी कुठे लिहून ठेवलीय का?" उत्तर ठरलेलं असतं. "सगळीकडे नॉमिनी टाकलाय की!" मंडळी, आजची पोस्ट या एका वाक्याविरुद्ध आहे.

नॉमिनी म्हणजे, कोणी पैसे मागायला आलं तर ते कोणाच्या हातात द्यायचे एवढं सांगणारं नाव. पण मागायला येणार कोण? ज्याला खातं आहे हेच ठाऊक नाही, तो कसा येणार? खातेदार वारला म्हणून बँक काही घर शोधत येत नाही. शिवाय नॉमिनी म्हणजे मालकही नव्हे. 'कालनिर्णय'वाल्या साळगावकरांच्या घरातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल हेच सांगितलं, की नॉमिनीला वारसांचा हक्क डावलता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे ना! आहे, ऑगस्ट 2023 पासून आहे. पण त्यावर दिसतात ती बँकांमधली, दहा वर्षं कोणी हात न लावलेली खाती. खान्देशातल्या माणसाचा पैसा फक्त बँकेत असतो का हो? तो पतसंस्थेत असतो, विकास सोसायटीच्या शेअर्समध्ये असतो, कापूस घेतलेल्या व्यापाऱ्याकडे असतो, मेव्हण्याला दिलेल्या हातउसन्यात असतो. यातलं काहीही त्या पोर्टलवर सापडणार नाही. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षणही नसतं. जळगावची रायसोनी पतसंस्था अवसायनात गेलेली आपण पाहिलीच आहे. अशा वेळी पावती हातात नसेल, तर दावा तरी कशाच्या जोरावर सांगणार?

आमच्या गल्लीतले एक शेतकरी त्रेपन्नाव्या वर्षी हार्टॲटॅकने गेले. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला. वहिनींना ठाऊक होतं ते एक पासबुक. आठ महिन्यांनी त्यांनी ते मला दाखवलं, तर दर मे महिन्यात 436 रुपये कापलेले. ही पंतप्रधान जीवनज्योती विम्याची खूण. पंचावन्न वर्षांच्या आत कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख मिळतात, आणि दावा त्याच शाखेत करायचा असतो. नॉमिनी खुद्द वहिनीच होत्या! दावा केला, पैसे मिळाले. पतसंस्थेची एक ठेवपावती खताच्या बिलांमध्ये सापडली. दुसरी होती का, ते आजही कोणाला माहीत नाही. कापसाचे किती पैसे यायचे राहिले होते, हे आता फक्त तो व्यापारीच सांगू शकतो. सोसायटीचं पीककर्ज मात्र लगेच कळलं. देणं शोधावं लागत नाही, येणं शोधावं लागतं.

हे टाळायला लागतो एक फुलस्केप कागद. एका ओळीत एक गोष्ट: काय आहे, कुठल्या शाखेत, नंबराचे शेवटचे चार आकडे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण आणि मूळ कागद कुठे ठेवलाय. "लोखंडी कपाट, वरचा कप्पा, निळी पिशवी" इतकं स्पष्ट. खाली उसनं दिलेलं आणि घेतलेलं, गहाण सोनं, सातबाऱ्याचे गट नंबर. रकमा लिहू नका, त्या बदलत राहतात आणि घरात नजरा फिरतात त्याही त्यांच्यामुळेच. पिन आणि पासवर्ड तर मुळीच नको. हा कागद म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कुठे आहे एवढंच तो सांगतो, कोणाचं ते नाही. वर तारीख घाला. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं साल फिरतं, त्याच दिवशी कागद नवा लिहा आणि जुना फाडा. एक प्रत बायकोकडे आणि एक बाहेरगावच्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या.

"जिवंतपणी असलं लिहिणं अभद्र" हे मला पटत नाही. विम्याचा हप्ता भरताना अभद्र वाटत नाही ना? खरं कारण वेगळं आहे. माहिती स्वतःकडे ठेवली की घरात शब्दाला वजन राहतं. "बाबांनाच विचारा" हे ऐकायला बरं वाटतं. पण या मोठेपणाची किंमत भरतं कोण? ज्या बाईला चाळीस वर्षं "तुला काय करायचंय" म्हणून गप्प बसवलं, तीच पुढे हातात मृत्यूचा दाखला घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, कॉमेंटमध्ये "छान लिहिलंय" नको. कागद झाला का, तेवढं सांगा.