पदर उलटा करून पाहा



तुळशीचे लग्न लागले की आपल्या खान्देशात घरोघरी लग्नाची बोलणी सुरू होतात. कापूस विकून हातात आलेला पैसा कुठे कुठे पुरवायचा याचा हिशेब रात्री कंदील मोठा करून मांडला जातो, आणि त्या हिशेबात एक रक्कम असते शालूची किंवा पैठणीची. मागच्या वर्षी नशिराबादला आमच्या शेजारच्या काकूंनी लेकीसाठी अशीच एक पैठणी आणली. दुकानदाराने सांगितले, “हातमागाची आहे, येवल्याची.” काकूंनी पैसे मोजले. घरी आल्यावर नवरीच्या आत्याने पदर उलटा केला, तर आतून जाळीदार कापड टाचलेले. ते उसवले तर खाली मोराच्या पाठीवर रंगीत धाग्यांचे कापलेले झुपके. पदर उलटण्याचे काम दुकानात झाले असते तर लेकीच्या डोळ्यांत पाणी आले नसते.

म्हणून आज पैठणीच्या पदराविषयी. तो कसा विणतात हे एकदा समजले की फसायला होत नाही.

येवले आपल्यापासून फार दूर नाही. जळगावहून रेल्वेने मनमाड, आणि तिथून एस्टीने येवले. गल्लीतून जाताना घराघरांतून मागाचा आवाज कानी येतो. कित्येक ठिकाणी माग जमिनीत बसवलेला असतो. विणकर काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो. समोर रेशमाचे शेकडो उभे धागे ताणलेले असतात. त्याला ताणा म्हणायचे. पावडी दाबली की काही धागे वर जातात, काही खाली राहतात, आणि मध्ये फट पडते. त्या फटीतून आडवा धागा घेऊन जातो तो धोटा. धागा गेला की फणीने ठोकून आधीच्या धाग्याला भिडवायचा. झाली एक ओळ.

आता साध्या कापडात एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. पैठणीच्या अंगात मात्र तीन धोटे चालतात. एक डाव्या काठाचा, एक मधल्या अंगाचा, एक उजव्या काठाचा. काठाचा रंग वेगळा, अंगाचा वेगळा. जिथे काठ आणि अंग भेटतात तिथे दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून मागे वळवतात. दोन लहान मुली बोटात बोट अडकवून उभ्या राहतात ना, तसे. हे अडकवणे चुकले तर तिथे बारीक चीर राहते. साडी उजेडाकडे धरली की ती चीर लगेच दिसते. ठोका कमीजास्त पडला असेल तर अंगात आडवे पट्टे दिसतात, तेही उजेडातच कळतात.

पदर आला की धोट्याची धाव थांबते. इथून पुढचे काम बोटांचे. मोर, पोपट, कमळ, वेल, जे काही काढायचे असेल त्याच्या प्रत्येक रंगासाठी एक छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात. पदराच्या रुंदीत अशा कितीतरी तिल्ल्या एका वेळी लोंबत असतात. नक्षीचा कागद समोर ठेवून विणकर ताण्याचे धागे मोजतो. हिरवी तिल्ली चार धाग्यांखालून नेली, तिथे शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवली, मागे वळवली. मग लाल, मग पुन्हा जर. अशी एक ओळ पुरी झाली की एकदा ठोकायचे. मागावर दिवा टांगलेला असतो, आणि त्याच्या पिवळ्या उजेडात विणकराचे हात एवढे हळू चालतात की बघणाऱ्याला वाटावे, काही होतच नाही. बांगडी मोर नावाची जी नक्षी आहे, त्यात बांगडीसारख्या गोलात मोर बसवलेले असतात. नशिराबादच्या काचेच्या बांगड्यांची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे, तेव्हा आपल्या गावच्या बायकांना ही नक्षी जवळची वाटावी!

आता मुद्दा लक्षात घ्या. हाताने विणताना हिरवा धागा फक्त मोराच्या जागेपुरताच जातो आणि तिथूनच परत येतो. तो पाठीमागून लांब लोंबत जात नाही. म्हणून अशा पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. धागा संपून नवा जोडला असेल तिथे एखादे टोक किंवा गाठ दिसेल, इतकेच. यंत्रमागावर तसे होत नाही. तिथे प्रत्येक रंगाचा धागा सगळ्या रुंदीतून धावतो. जिथे तो नको तिथे पाठीमागे मोकळा सुटतो, किंवा मागाहून कापून टाकतात. हेच ते झुपके, आणि ते झाकायला जाळी.

एक खबरदारी मात्र घ्या. हातमागावरसुद्धा काही ठिकाणी जकार्ड जोडून काठाची दाट नक्षी काढतात, आणि तिथे पाठीमागे सुटे धागे येतात. तेव्हा नुसत्या काठावरून साडीला खोटी ठरवू नका. परीक्षा करायची ती पदराची.

दुसरी परीक्षा हिशेबाची. समजा पदर अठरा इंचांचा आहे आणि नक्षी दाट असल्याने दिवसाला इंचभरच विणून होते. म्हणजे अठरा दिवस पदराचेच. राहिले पाच मीटर अंग, म्हणजे सुमारे दोनशे इंच. तीन धोट्यांनी दिवसाला दहा-बारा इंच झाले तरी आणखी सतरा ते वीस दिवस. ताणा चढवणे, तुटलेले धागे सांधणे, पावसाळ्यात खड्ड्यात ओल आल्याने पडलेला खाडा, हे वेगळेच. महिना सहज उलटून जातो. आता दुकानदार जो भाव सांगतो त्यातून रेशीम आणि जर वजा करा. उरले त्यात एका माणसाची महिन्याभराची मजुरी बसते का? शेतमजुराचा रोज तुम्हाला तोंडपाठ आहे. त्याच मापाने मोजा. बसत नसेल तर ती साडी हाताने विणलेली नाही.

शिक्क्यांचेही समजून घ्या. ‘सिल्क मार्क’ म्हणजे रेशीम शुद्ध आहे एवढीच हमी. माग कोणता हे तो सांगत नाही. हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ निराळा आहे, तो 2006 पासून मिळतो. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण शिक्का पाहिला तरी पदर उलटायचा तो उलटायचाच.

शेवटची गोष्ट उजेडाची. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जर उगाच झगमगते आणि रंग खरा दिसत नाही. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि आडवा धागा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून साडी हलवली की रंग पालटतो. तो दिवसाच्या उजेडातच पारखावा. साडी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत या. दुकानदार कुरकुरला तरी संकोच करू नका. पैसे तुमच्या घामाचे आहेत.

शेजारच्या काकूंची धाकटी लेक पुढल्या वर्षी लग्नाची होईल. या खेपेला त्या आत्याबाईंना सोबत घेऊन थेट येवल्याला जाणार आहेत, तेही भर दुपारी.