‘खाली पेट’ आणि डोक्यातल्या दोन भाषा

पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, यावरून २०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र चांगलाच तापला होता. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, हा क्रम वाचकांना आठवत असेल. या वादात एकच मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडला जात होता. एक बाजू म्हणे, लिपी एकच, त्यामुळे मुलांचा गोंधळ होईल. दुसरी म्हणे, लिपी एकच, त्यामुळे मुलांना सोपे जाईल. यातले खरे काय, हे पाहायचे तर डोळ्यांसमोर शब्द आल्यावर दुभाषिक माणसाच्या मेंदूत नेमके काय होते, तिथून सुरुवात करावी लागते.

सर्वसाधारण समजूत अशी की मेंदूत भाषांचे वेगवेगळे कप्पे असतात. हिंदी वाचायला घेतले की हिंदीचा कप्पा उघडतो आणि मराठीचा बंद राहतो. ही समजूत तपासायला दोन प्रकारचे शब्द फार उपयोगी पडतात. एक, दोन्ही भाषांत रूपही सारखे आणि अर्थही सारखा असलेले. मराठी-हिंदीत ‘आराम’, ‘जल’, ‘पुस्तक’ ही त्यांची उदाहरणे. दुसरे फसवे शब्द, म्हणजे रूप तेच पण अर्थ निराळा. ‘शिक्षा’ मराठीत भोगावी लागते, हिंदीत घेतली जाते. ‘संशोधन’ आपल्याकडे प्रयोगशाळेत होते, हिंदीत कायद्यात होते. कप्पे खरोखर बंद होत असतील, तर वाचणाऱ्याला हे दोन्ही प्रकार इतर शब्दांसारखेच वाटायला हवेत.

नेदरलँड्समधील नायमेखन विद्यापीठातले टोन डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली याविषयीचे तीन प्रयोग प्रसिद्ध केले. भाग घेणारे लोक डच मातृभाषेचे आणि चांगले इंग्रजी येणारे होते. डच आणि इंग्रजीची लिपी एकच असल्याने त्यांची स्थिती आपल्या मराठी-हिंदीसारखीच म्हणायची. पडद्यावर अक्षरांचा एक गट दिसे. तो इंग्रजी शब्द असेल तर एक बटण दाबायचे, निरर्थक अक्षरे असतील तर दुसरे. त्यात ‘रूम’सारखे फसवे शब्द पेरलेले होते. इंग्रजीत त्याचा अर्थ खोली. तीच चार अक्षरे डचमध्ये दुधावरची साय.

पहिल्या प्रयोगात यादीत निखळ डच शब्द एकही नव्हता. फसव्या शब्दांना इतर इंग्रजी शब्दांएवढाच वेळ लागला. इथेच थांबले असते तर कप्प्यांची समजूत पक्की झाली असती. पण त्याच यादीत अर्थासकट सारखे असलेले शब्दही होते आणि ते मात्र जास्त झटपट ओळखले गेले. डच कप्पा बंद असता, तर ‘हा शब्द डचमध्येही आहे’ याचा फायदा मिळायचे कारण नव्हते.

दुसऱ्या प्रयोगात एवढाच बदल केला की यादीत निखळ डच शब्द मिसळले आणि त्यांना ‘नाही’ म्हणायला सांगितले. आता फसवे शब्द चांगलेच अडखळू लागले. त्यातही ज्या शब्दाचा डच अर्थ इंग्रजीपेक्षा अधिक वापरातला, तिथे अडखळणे जास्त. तिसऱ्या प्रयोगात नियम सैल केला: शब्द कोणत्याही भाषेतला असो, ‘हो’ म्हणा. आता तेच फसवे शब्द इतरांपेक्षा लवकर ओळखले गेले, कारण दोनपैकी जो अर्थ आधी हाती लागेल तो चालणार होता.

तीनही वेळा शब्द तेच होते. बदलले होते काम आणि शेजारचे शब्द. यावरून निघालेला आणि पुढे बराच मान्य झालेला निष्कर्ष असा की शब्द दिसताच दोन्ही भाषांतले अर्थ जागे होतात. एकाला झोपवणे आपल्या हातात नसते. निवड नंतर होते, समोरच्या कामाच्या गरजेनुसार. ऐकण्यातही असेच घडते. अमेरिकेतल्या रशियन-इंग्रजी दुभाषिकांना रशियनमध्ये ‘तिकीट’ (टपालाचे, रशियनमध्ये ‘मार्का’) उचलून ठेवायला सांगितले, तेव्हा त्यांची नजर क्षणभर टेबलावरच्या मार्कर पेनकडे वळत होती. १९९९मधल्या स्पायव्ही आणि मारियन यांच्या अभ्यासातले हे निरीक्षण.

आता आपल्याकडचा एक शब्द घेऊ. थायरॉइडच्या गोळीच्या सूचनेत हिंदीत लिहिलेले असते, ‘खाली पेट लें’. अर्थ रिकाम्या पोटी. मराठी वाचकाच्या डोक्यात ‘खाली’ला पहिला येणारा अर्थ ‘वर’च्या उलट. (‘टेम्पो खाली कर’ असे आपणही म्हणतो, पण पोटाला मराठीत रिकामेच म्हणतात. आणि ‘पेट’ म्हटले की मराठी माणसाला विस्तव आठवावा!) मराठीतला ‘खाली’ रोजच्या वापरातला, हिंदीतला त्यामानाने क्वचित कानावर पडणारा, म्हणजे दुसऱ्या प्रयोगातली सर्वांत अडचणीची जोडी. हिंदी सफाईने येणारा माणूस पुढच्या-मागच्या शब्दांवरून क्षणात सावरतो. ज्याची हिंदी तुटपुंजी, तो सूचना बाजूला ठेवतो आणि नाश्त्यानंतर गोळी घेतो. मग औषध नीट शोषले जात नाही आणि तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो. डोस वाढवण्याआधी गोळी कधी घेता, हे विचारायला हवे.

शाळेच्या वादाकडे वळू. ‘हिंदीमुळे मराठी बिघडेल’ ही भीती या प्रयोगांतून सरळ निघत नाही. फसव्या शब्दात नुकसान होते ते बहुधा दुबळ्या भाषेचे, म्हणजे पहिलीतल्या मराठी मुलाच्या बाबतीत हिंदीचे. मातृभाषेवर परभाषेची छाया पडते, पण ती परभाषा बरीच पक्की झाल्यावर. यानेट व्हान हेल आणि डाइक्स्ट्रा यांनी २००२ साली तीन भाषा येणारे डच लोक तपासले. केवळ डच शब्द वाचतानाही इंग्रजीशी जुळणारे शब्द त्यांना लवकर ओळखता आले. फ्रेंचशी जुळणाऱ्यांचा फायदा मात्र ज्यांचे फ्रेंच चांगले होते त्यांनाच झाला. उलट ‘लिपी एक म्हणून सोपे’ हेही अर्धेच खरे. सारख्या शब्दांत सोपे, फसव्या शब्दांत अवघड, आणि एकाच तासाला दोन्ही भाषा मिसळून प्रश्न विचारले तर अधिक अवघड. शिवाय हे सगळे वाचन पक्के झालेल्या प्रौढांवरचे, सेकंदाच्या लहानशा अंशात मोजलेले फरक आहेत. अक्षरे जुळवून वाचणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला ते जसेच्या तसे लावून कोणी शासन निर्णयाची बाजू किंवा विरोध सिद्ध करू पाहत असेल, तर तो पुराव्यापुढे धावतो आहे.

व्यवहारात एक उपयोग मात्र आजही होतो. अध्ययन अक्षमतेच्या शंकेने मुले सरकारी रुग्णालयांत तपासणीला आणली जातात. मूल चुकते आहे हे कळल्यावर कोणत्या शब्दांवर चुकते, ते पाहावे. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘खाली’ यांवर अडते, पण ‘पुस्तक’, ‘आराम’ सहज वाचते आणि मराठीचा धडा नीट वाचते, तर हा दोन भाषांच्या चढाओढीचा परिणाम असण्याचा संभव अधिक. अशा शब्दांची जोडी समोरासमोर ठेवून शिकवले की पुष्कळ काम होते. पण मराठीतले साधे, ओळखीचे शब्दही अक्षर-अक्षर लावत वाचावे लागत असतील, जोडाक्षरे दोन्ही भाषांत सुटत असतील, तर दोष हिंदीच्या तासाला देऊन चालणार नाही. त्या मुलाची डोळे-कान तपासणी आणि वाचनाची रीतसर चाचणी, तीही त्याच्या शिक्षणाच्या माध्यमभाषेत, व्हायला हवी.