समृद्धीवर बॅटरी लवकर का उतरते?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. मोटारींना तिथे ताशी १२० किमीची मुभा आहे. मात्र विजेवरच्या गाडीचा कागदावरचा पल्ला ज्या चाचणीत ठरतो, तिच्यात वेग ९०च्या वर जात नाही आणि सरासरी तर त्याहून बरीच कमी असते. घोळ होतो तो इथे.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १२०ने निघाले की तो सव्वादोनपट होतो. टायरचे घर्षण फारसे बदलत नाही, त्यामुळे एकूण खर्च तितका चढत नाही, पण चढतो भरपूर.

मध्यम आकाराची, ४० युनिटची बॅटरी असलेली एक गाडी घ्या. त्यातली चार युनिटे राखीव ठेवली. सपाट रस्त्यावर ताशी ८० किमीला १०० किलोमीटरमागे साधारण १२ युनिटे लागतात. १२०ला वीसच्या वर. एसी तासाला एक युनिट घेतो असे धरले, तर पल्ला पहिल्या वेगाला सुमारे २७० किमी आणि दुसऱ्याला १७०च्या आसपास पडतो.

एसीचा खर्च तासावर मोजायचा असतो, किलोमीटरवर नाही. महामार्गावर १०० किमी तासाभरात संपतात, म्हणजे एसीचे एकच युनिट. शहरातल्या कोंडीत ताशी २०ने तेवढेच अंतर कापायला पाच तास आणि पाच युनिटे. त्यामुळे महामार्गावर काचा उघडून वीज वाचवायला जाणे फसवे. आत शिरणारी हवा अडथळाच वाढवते.

चार माणसे आणि सामान मिळून ३०० किलो वाढले, तर सपाटीवर १०० किलोमीटरमागे जेमतेम एक युनिट जास्त लागते. टपावर बांधलेले सामान मात्र महागात पडते, वजनापेक्षा हवा अडवल्यामुळे.

गाडीच्या पडद्यावर दिसणारा पल्ला बहुधा आधीच्या प्रवासावरून काढलेला असतो. आदल्या दिवशी गावातच फिरलेली गाडी सकाळी ३०० दाखवते आणि महामार्गावर तो आकडा भराभर घसरतो. त्यापेक्षा टक्के पाहावेत. पहिल्या ५० किलोमीटरला बॅटरी १००वरून ७२वर आली, तर २८ टक्के गेले. दहा टक्के राखले की ६२ उरतात, म्हणजे आणखी साधारण ११० किमी. पुढे चढ किंवा समोरून वारा असेल तर त्याहून कमी. पुढचे चार्जिंग केंद्र त्याहून लांब असेल, तर वेग लगेच ८०-९०वर आणावा; बॅटरी १५ टक्क्यांवर आल्यावर हळू चालवून वाचवायला फारसे उरत नाही.

पेट्रोलच्या गाडीलाही हाच हिशेब लागू आहे. फक्त पंप जवळ असतो, म्हणून तो कोणी करत नाही.