पासवर्ड टाकल्याने मेलबॉक्स रिकामा होतो का?

मागच्या सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमधल्या सात-आठ जणांना एकच मेल आला. ‘तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे. २४ तासांत खात्री न केल्यास मेल येणे बंद होईल.’ खाली एक निळं बटण. माझ्या रूममेटने ते दाबलं आणि पासवर्ड टाकला. त्याला हसू नका. प्लेसमेंटचा मेल त्याच पत्त्यावर येणार होता आणि दुसऱ्या दिवशी तो एटापल्लीकडे गावी निघाला होता, जिथे रेंज असली तर असली.

‘असे मेल खोटेच असतात’ असं सगळे सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. जीमेलवर मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट जागा असते. ती भरत आली की गूगल खरोखर कळवतं, आणि भरल्यावर नवे मेल खरोखर येत नाहीत. म्हणजे भीती खरी आहे, म्हणून तर ही युक्ती चालते.

संशय घ्यायचा तो मेल काय मागतो त्यावर. जागा मिळते मोठे मेल उडवून, ट्रॅश रिकामा करून किंवा जास्त जागा विकत घेऊन. पासवर्ड टाकून एक केबीसुद्धा मोकळा होत नाही. कपाट भरलं म्हणून कोणी आपल्याकडे चावी मागितली, तर देऊ का?

आमच्या त्या मेलचा पाठवणारा मात्र खरा होता, कॉलेजच्याच एका सीनियरचा आयडी. त्याचाही पासवर्ड असाच गेला होता, हे नंतर कळलं. त्यामुळे ओळखीचं नाव हा पुरावा नाही. बटणावर बोट दाबून धरलं तेव्हा पत्ता साधारण असा दिसला (नावं बदलली आहेत):

```
https://mail.amchecollege.ac.in.example.com/login
```

कॉलेजचं नाव डोळ्यात भरतं, पण पत्ता `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचा. म्हणजे मालक निघतो `example.com`. डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तर तेवढंच दिसतं.

रूममेटने रात्रीच पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. तरी त्याचे मेल गायब होत होते. चोराने सेटिंगमध्ये फिल्टर लावून मेल दुसरीकडे वळवले होते. फिल्टर काढल्यावरच खातं परत त्याचं झालं. मेल हातात असला की बाकीच्या किती खात्यांचे पासवर्ड त्यावरून बदलता येतात, याचा हिशोब आम्ही त्या रात्री केला.

तेव्हा माझं मत एवढंच: असा मेल आला तर तो खरा की खोटा, यावर वाद घालत बसू नका. तो बंद करा, मेलबॉक्स स्वतःच्या हाताने उघडा आणि किती जागा उरली ते तिथेच बघा. जीमेलचा आकडा `one.google.com/storage` वर दिसतो, कॉलेजच्या मेलचा लॅबमधल्या सरांना विचारा. खरंच भरला असेल तर तिथेही भरलेलाच दिसेल.